खरं पत्र खोटं वाटू नये म्हणून

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असं समजा. मालकाने नव्या प्रेस मशीनसाठी दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेतलं. त्या बँकेने अट घातली, की विक्रीचे पैसे यापुढे आमच्याकडच्या कॅश क्रेडिट खात्यातच यायला हवेत. कर्ज देणाऱ्या बँका अशी अट नेहमीच घालतात. मालकाने एका संध्याकाळी बसून आपल्या चौतीस ग्राहकांना एकच ई-मेल पाठवला : ‘आमचे बँक खाते बदलले आहे. कृपया तातडीने नोंद घ्यावी. यापुढील सर्व रक्कम खालील खात्यात जमा करावी. जुन्या खात्यात पैसे भरू नयेत. शंका असल्यास या मेललाच उत्तर द्यावे किंवा खालील नंबरवर फोन करावा.’ खाली नवा खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि एक मोबाइल नंबर.

या पत्रातला शब्द न् शब्द खरा आहे. तरीही एखाद्या ग्राहकाच्या अकाउंट्स विभागातल्या अनुभवी बाईंनी ते वाचताक्षणी या कारखान्याचं पेमेंट रोखून धरलं, तर त्यांचं काहीच चुकलं नाही. कारण भामटे लिहितात ते पत्र हुबेहूब असंच असतं.

२०१५ सालचं ओएनजीसीचं प्रकरण आठवा. ओएनजीसीने सौदी अरेबियातल्या आरामको या कंपनीला नाफ्था विकला होता. पैसे यायचे होते. दरम्यान खरेदीदाराला मेल गेला, की पैसे आता दुसऱ्या खात्यात पाठवा. मेल ओएनजीसीकडून आल्यासारखा दिसत होता. पत्त्यात मात्र `ongc` च्या जागी `ognc` होतं. मधली दोन अक्षरं इकडची तिकडे झालेली. त्या वेळच्या बातम्यांनुसार अडकलेली रक्कम १९७ कोटी रुपयांच्या घरात होती. इतक्या मोठ्या दोन कंपन्यांच्या व्यवहारात हे होऊ शकलं, यावरून एक गोष्ट कळते. असं पत्र वाचणारा माणूस बावळट नसतो. पत्रच नेमकं त्याच्या अपेक्षेप्रमाणे लिहिलेलं असतं.

या फसवणुकीत चोर घाई करत नाही. तो आधी विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये शिरतो आणि कधीकधी अनेक दिवस नुसता वाचत बसतो. कोणत्या बिलाचे किती पैसे कधी यायचे आहेत, मालक मेलच्या शेवटी काय लिहितो, अकाउंट्समधल्या माणसाला ‘सर’ म्हणतो की ‘साहेब’, हे सगळं त्याला कळतं. मग पैसे निघायच्या दोन-तीन दिवस आधी तो खाते बदलल्याचं कळवतो. त्यामुळे पत्रात बरोबर बिल क्रमांक आहे, कंपनीचं लेटरहेड आहे, शिक्का आणि सही आहे, या गोष्टींनी काहीच सिद्ध होत नाही. चोराकडेही त्या असतात. कारण म्हणून तो सांगतो तेही खरं वाटण्याजोगंच असतं : खात्याचं ऑडिट चालू आहे, बँकेचं विलीनीकरण झालं आहे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल आणि युनायटेड अशा सहा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, तेव्हा असंख्य खातेदारांना आयएफएससी कोड बदलल्याचं ग्राहकांना खरोखरच कळवावं लागलं होतं.

म्हणून भोसरीच्या मालकासमोरचा प्रश्न ‘पत्र अधिक विश्वासार्ह कसं लिहू?’ हा नाहीच. कुठलंच पत्र स्वतःच्या खरेपणाची साक्ष देऊ शकत नाही. साक्ष द्यायची ती ग्राहकाकडे आधीपासून असलेल्या कुठल्यातरी गोष्टीने : तीन वर्षांपूर्वी त्याने डायरीत लिहिलेला कारखान्याचा नंबर, ओळखीचा आवाज, प्रत्यक्ष भेट. पत्राचं काम एवढंच, की ग्राहकाला त्या जुन्या ओळखीकडे पाठवायचं.

बँक नाव बघते का?

‘खातं चुकीचं असलं तर बँकच अडवेल ना?’ असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे एनईएफटी आणि आरटीजीएसने पाठवलेले पैसे खाते क्रमांकाच्या आधारे जमा होत आले आहेत. पाठवणाऱ्याने नावाच्या रकान्यात काय लिहिलं, ते जुळतं का, याची तपासणी होत नसे. त्यामुळे कारखान्याचं नाव आणि चोराचा खाते क्रमांक लिहिला, तर पैसे बिनबोभाट चोराकडे जात.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना सांगितलं, की १ एप्रिल २०२५ पर्यंत पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचं नाव दाखवण्याची सोय करा. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला, की बँकेच्या नोंदीतलं खातेदाराचं नाव दिसतं. ही सोय मोलाची आहे, पण खातं बदलणाऱ्याने तिच्यासाठी स्वतःही तयारी करायला हवी. आपला कारखाना मालकी हक्काचा असेल, बिलावर कारखान्याचं नाव असेल आणि बँकेच्या नोंदीत मालकाचं वैयक्तिक नाव असेल, तर ग्राहकाला पडद्यावर भलतंच नाव दिसेल. खरं पत्र खोटं ठरायला तेवढं पुरतं. लांबलचक नाव बँकेच्या नोंदीत अर्धवट कापलेलं असलं तरी हेच होतं.

म्हणून नवं खातं उघडलं की पहिली गोष्ट ही, की दुसऱ्या एखाद्या खात्यातून स्वतःच ते नाव तपासून पाहायचं. जीएसटी नोंदणीत आणि बिलावर जे नाव आहे तेच दिसत असेल तर उत्तम. वेगळं दिसत असेल तर बँकेकडून दुरुस्त करून घ्यायचं. तसं होणार नसेल, तर पडद्यावर नेमकं काय दिसेल ते ग्राहकाला आधी सांगून ठेवायचं.

या सोयीची मर्यादाही ध्यानात असू द्या. ती नाव दाखवते, माणूस ओळखत नाही. मिळत्याजुळत्या नावाने खातं उघडलेला चोर तिच्यातून सुटू शकतो.

कळवण्याआधीचे पंधरा दिवस

आता भोसरीच्या मालकाने तेच काम पुन्हा, नीट केलं असं समजू. जुलैच्या सुरुवातीला खातं सुरू झालं. १ सप्टेंबरपासून पैसे नव्या खात्यात यावेत असं त्याने ठरवलं. मध्ये जवळजवळ दोन महिने. एवढा वेळ का? कारण जुनं खातं अजून चालू आहे. त्यात आलेले पैसे तो स्वतःच नव्या खात्यात वळवू शकतो. फक्त ही मुदत त्याने आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडून लेखी मंजूर करून घेतली. चोराचं तसं नसतं. ग्राहक खऱ्या माणसाशी बोलायच्या आत पैसे निघायला हवेत, म्हणून त्याला घाई लागते. अकाउंट्समधली जाणती माणसं पत्रात आधी ही घाईच शोधतात. मालकाकडे वेळ आहे, तर तो पत्रातून दिसू दे.

त्याने पहिलं काम केलं ते स्वतःच्या मेलबॉक्सचं. पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी सुरू केली आणि सेटिंगमध्ये जाऊन आलेले मेल कुठे दुसरीकडे आपोआप पाठवले जात नाहीत ना, हे पाहिलं. चोर एकदा आत शिरला, की असा नियम लावून ठेवतो. मग पासवर्ड बदलला तरी प्रती त्याच्याकडे जातच राहतात. आपल्या मेलमध्ये चोर बसलेला असताना खातं बदलण्याची घोषणा केली, तर त्याला संधी आपणच दिली असं होईल.

दुसरं काम चेकबुकचं. मोठे ग्राहक रद्द केलेला चेक मागतात. खातं उघडताना मिळणाऱ्या किटमधल्या चेकवर पुष्कळदा खातेदाराचं नाव छापलेलं नसतं, आणि असा चेक परत येतो. म्हणून त्याने नाव छापलेलं चेकबुक आधीच मागवलं. शाखेकडून, बँकेच्या लेटरहेडवर, खात्याचं नाव, क्रमांक आणि आयएफएससी लिहिलेलं सही-शिक्क्याचं पत्रही घेतलं.

तिसरं काम यादीचं. चौतीस ग्राहकांपैकी सहांकडून कारखान्याचे बहुतेक पैसे येतात, आणि चोराची नजरही अशाच मोठ्या रकमांवर असते. त्या सहांना मालक स्वतः फोन करणार, त्यातल्या चाकणच्या दोघांना भेटणार. उरलेल्यांना कारखान्याच्या हिशेबनीस बाई फोन करणार. प्रत्येकाकडे आपला कोणता जुना नंबर आहे, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

पहिलं पत्र : खाते क्रमांकाशिवाय

१ ऑगस्टला पहिलं पत्र गेलं. मेलने गेलं आणि छापील प्रत कुरिअरनेही गेली. त्यात खाते क्रमांक नव्हता. चोराला असं पत्र लिहून काही फायदा नाही. मजकूर असा होता :

*‘स. न. वि. वि. आमच्या कारखान्याने नव्या बँकेकडून कर्जसुविधा घेतली आहे. त्यामुळे १ सप्टेंबरपासून आमचे बँक खाते बदलेल. आपल्याला आज काहीही करावयाचे नाही. जुने खाते चालू आहे आणि पुढील किमान सहा महिने चालू राहील.*

*नव्या खात्याचा तपशील देण्यापूर्वी आम्ही आपल्याला फोन करू. त्या फोनवरही विश्वास ठेवू नये. फोन ठेवून, आपल्याकडे पूर्वीपासून नोंदवलेल्या आमच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा आणि खात्री करून घ्यावी. या पत्रात मुद्दामच कोणताही फोन क्रमांक दिलेला नाही.*

*आपली कंपनी विक्रेत्याचे खाते बदलण्यासाठी जी कागदपत्रे मागते, ती सर्व आम्ही देऊ. त्याला वेळ लागला तरी आमची हरकत नाही.’*

फोन क्रमांक न देणारं पत्र विचित्र वाटेल, पण ग्राहकाला आपल्या जुन्या नोंदींकडे वळवायचा तोच उपाय आहे. नेहमीच्या लेटरहेडवर नंबर छापलेला असतो, म्हणून मालकाने या पत्रापुरता तो काढून टाकला. लेटरहेड बनवणं चोराला अवघड नसतं. त्यावरचा नंबर त्याने बदललेला असेल, तर ग्राहक खात्री करायला चोरालाच फोन करेल.

शेवटच्या ओळीलाही वजन आहे. अकाउंट्समधल्या माणसाला तपासणी करताना सर्वांत जास्त दडपण येतं ते समोरच्याच्या नाराजीचं. ‘इतकी वर्षं व्यवहार आहे, अन् आमच्यावर संशय घेता?’ हे वाक्य चोर हुकमी वापरतो. मालकाने आधीच लिहून दिलं, की उशीर झाला तरी चालेल. आता तपासणाऱ्या माणसाला संकोच उरत नाही.

फोन, मग तपशील, मग सात रुपये त्रेचाळीस पैसे

आठवड्याभराने मालकाने चाकणच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाला फोन केला.

“मॅडम, नमस्कार. आमचं पत्र मिळालं का?”

“मिळालं. खाते नंबर आत्ता सांगताय का?”

“नाही. तुम्ही फोन ठेवा आणि तुमच्याकडे आमच्या कारखान्याचा जो जुना नंबर आहे, त्यावर लावा. मीच उचलतो.”

मॅडमनी फोन ठेवला. त्यांच्या विक्रेता नोंदणीत चार वर्षांपूर्वीचा लँडलाइन नंबर होता, तो लावला. मालकाने उचलला. मग त्याने खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे सांगितले. पूर्ण तपशील, रद्द केलेला चेक आणि बँकेचं पत्र मंगळवारी माणसाकरवी पाठवलं. कागदावरचे शेवटचे चार आकडे फोनवर सांगितलेल्यांशी जुळले. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माहिती एकमेकींशी जुळली, तर ती मधल्या मध्ये कुणी बदलल्याची शक्यता फार कमी होते.

यानंतर मॅडमनी स्वतःहून एक गोष्ट केली. ती मला फार शहाणपणाची वाटते. अनेक जण नवं खातं तपासायला १ रुपया पाठवतात. त्यांनी ७ रुपये ४३ पैसे पाठवले आणि किती पाठवले ते सांगितलं नाही. अर्ध्या तासाने पुन्हा जुन्या लँडलाइनवर फोन लावला : “किती आले?” मालकाने खातं उघडून बघितलं आणि नेमकी रक्कम सांगितली. १ रुपया कुणीही अंदाजाने सांगेल, हा आकडा मात्र खातं ज्याच्या हातात आहे तोच सांगू शकतो.

या तपासणीत एक खाच आहे. तिने एवढंच सिद्ध होतं, की फोनवरच्या माणसाच्या हातात ते खातं आहे. फोनवरचा माणूस कोण, हे ती सांगत नाही. चोराच्या पत्रातल्या नंबरवर फोन करून हीच परीक्षा घेतली, तर चोरही रक्कम अचूक सांगेल आणि ग्राहकाला खोटं समाधान मिळेल. परीक्षेचं सगळं बळ जुन्या नंबरात आहे.

धोका संपत नाही, सुरू होतो

खातं बदलल्याचं सगळ्यांना कळलं, की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात नाजूक काळ इथूनच सुरू होतो. ग्राहकाच्या मनाने बदल स्वीकारलेला असतो. अशा वेळी एक छोटा मेल येतो : ‘मागील पत्रात खाते क्रमांकात टंकलेखनाची चूक झाली आहे. सुधारित क्रमांक पुढीलप्रमाणे.’ पहिल्या पत्राइतका संशय या पत्राचा येत नाही. म्हणून कारखान्याच्या दुसऱ्या पत्रात, तपशिलाच्या खालीच, ठळक अक्षरांत हे लिहिलेलं होतं :

*‘या तपशिलात दुरुस्ती करणारे कोणतेही पत्र, मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश आम्ही पाठवणार नाही. तसे काही आले, तर ते खोटे समजावे आणि जुन्या क्रमांकावर आम्हाला फोन करावा.’*

असं लिहायचं तर आकडे आधी दहादा तपासावे लागतात. एक आकडा जरी चुकला आणि खरोखरच दुरुस्ती पाठवावी लागली, तर आपलीच सूचना आपण मोडली असं होतं. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप होणं ही नेहमीची चूक.

दुसरी अडचण आपल्याच कागदांची. १ सप्टेंबरनंतरही कारखान्याच्या संगणकातून दोन बिलं जुन्या खात्याच्या तपशिलासह निघाली, कारण बिलाच्या नमुन्यात तो तसाच राहिला होता. ग्राहकाच्या हातात एक पत्र नव्या खात्याचं आणि एक बिल जुन्या खात्याचं, म्हणजे शंका पुन्हा जागी. बिलाचा नमुना, कोटेशन, प्रोफॉर्मा बिल, भिंतीवरचा क्यूआर कोड, विक्री करणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्ये साठवलेला फोटो, हे सगळं एकाच दिवशी बदललं पाहिजे. जीएसटीच्या पोर्टलवरही नवं खातं नोंदवायला हवं.

जुनं खातं सहा महिने का ठेवायचं? कारण प्रत्येक ग्राहकाकडची किमान दोन बिलं तरी नव्या खात्यात यायला हवीत, आणि काहींचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. शिवाय एखादा ग्राहक शेवटपर्यंत खात्री पटली नाही म्हणून जुन्याच खात्यात भरेल. त्याला भरू द्यावं. पैसे आपलेच आहेत. जुनं खातं आधीच बंद केलं असेल तर त्याने पाठवलेले पैसे परत जातात, आणि तो विचारात पडतो. मग ‘जुनं खातं बंद आहे, लगेच नव्यात भरा’ असं म्हणायची वेळ आपल्यावर येते. हे वाक्य चोराचं आहे. ते आपल्या तोंडी येऊ नये अशी सोय आधीच करून ठेवायची.

नोव्हेंबरात चाकणच्या मॅडमना मेल आला, असं समजा. कारखान्याचंच लेटरहेड, मालकाचीच सही, चालू बिलाचा बरोबर क्रमांक : ‘कर्जखात्याच्या तांत्रिक अडचणीमुळे या महिन्याचे पैसे खालील खात्यात भरावेत.’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, पण मॅडमनी ते पाहिलंही नाही. दुरुस्तीचं पत्र येणार नाही असं त्यांना सांगितलेलं होतं, म्हणून त्यांनी लँडलाइन लावला. पैसे आधीच गेले असते, तर तासभरही न दवडता आपल्या बँकेला आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला कळवावं लागलं असतं, आणि बिल फिटलं की नाही यावर दोन जुन्या व्यवहारी माणसांत वाद उभा राहिला असता.

“तुमचा मेल आलाय,” मॅडम म्हणाल्या.

“आमचा नाही,” मालक म्हणाला. “बरं झालं फोन केलात.”

ऑगस्टमधल्या पत्रात मालकाने स्वतःवरच विश्वास ठेवू नका असं लिहिलं होतं. नोव्हेंबरात मॅडमनी उचललेला फोन त्या ओळीमुळेच होता.